सात रात्रींची राजगाडी आणि माझा दोन रकान्यांचा कागद

मी पहिल्यापासून तोंडाची फटकळ. आमच्या ऑफिसचे मालक म्हणायचे, "बाई, गिऱ्हाईक आहे ते, सवत नव्हे." सांगलीत एस.टी. स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आमचं प्रवासी ऑफिस होतं. एक टेबल, एक फोन, भिंतीवर भारताचा रेल्वे नकाशा आणि रेल्वेचं जाडजूड टाइमटेबल. नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं ती. कामं ठरलेली. उन्हाळ्यात काशी-गयेची बस, दिवाळीत तिरुपती, आणि बाकी वर्षभर लोकांची रेल्वे रिझर्व्हेशनं. त्यासाठी सकाळी मिरज स्टेशनला जाऊन रांगेत उभं राहावं लागे. माझं लग्न व्हायचं होतं. मी एका खोलीत एकटी राहायची आणि चौथ्या शनिवारी एस.टी.नं साताऱ्याला, तिथून मेढ्याच्या पुढं आमच्या गावी जायची.

हिशेब मांडण्यात माझा हात कुणी धरत नसे. हे मी फुशारकीनं सांगत नाही. पुढं जे झालं ते त्याच फुशारकीमुळं झालं, म्हणून आधीच सांगून टाकते.

एके वर्षी पावसाळा संपता संपता मुंबईच्या एका एजंटानं आमच्याकडं गुळगुळीत कागदाची पुस्तकं पाठवली. दिल्लीहून सुटणारी, राजस्थान फिरवून आणि आग्रा दाखवून आठव्या दिवशी सकाळी दिल्लीलाच परत आणून सोडणारी गाडी. सात रात्री. डब्याडब्यात चार खोल्या, खोलीत पलंग, खोलीला लागून न्हाणीघर, दिमतीला माणूस. राजगाडीच. मालकांनी पुस्तक चाळलं आणि म्हणाले, "सांगलीत कोण घेणार हे? ठेवा कपाटावर." मी ते घेतलं आणि शेवटची पानं आधी वाचली. गुळगुळीत पुस्तकात खरं काय ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं, हे मला तोवर कळलेलं होतं.

आणि आलंच की एक गिऱ्हाईक. तासगावचे एक बेदाण्याचे व्यापारी. लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती आणि बायकोला कुठंतरी न्यायचं होतं. पुस्तक हातात पडल्यावर त्यांनी डॉलरच्या दरापुढं मी पेन्सिलीनं लिहिलेल्या रुपयांवर बोट ठेवलं, मनातल्या मनात सातानं गुणलं आणि म्हणाले, "हे तर जमतंय की, बाई. एवढं काय घाबरवताय?"

"साहेब, हा दर माणशी आहे," मी म्हटलं. "खोलीचा नव्हे. आणि एका रात्रीचा. दोघांच्या सात रात्री म्हणजे चौदानं गुणा."

त्यांनी चौदानं गुणलं आणि पाणी मागितलं.

मग मी त्यांना नीट समजावलं. दर डॉलरमध्ये छापलेला असतो, पैसे भरायच्या दिवशी जो भाव असेल त्यानं रुपये होतात. खोलीत एकटाच माणूस राहिला तर त्याला जास्त पडतं, दोघं राहिले तर माणशी कमी, तिघं राहिले तर आणखी कमी. थंडीच्या महिन्यांत दर चढा, सप्टेंबर आणि एप्रिलला उतरता. त्यात काय काय येतं? राहणं, सकाळचा चहा, नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण, स्टेशनवरून गावात न्यायची गार बस, गाइड, किल्ल्या-राजवाड्यांची तिकिटं, उंटावरची फेरी, तळ्यातली होडी. काय येत नाही? दारू, धुणं, कॅमेऱ्याची फी, बक्षिसी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मिरजेपासून दिल्लीपर्यंतचं जाणं-येणं. ते आपलं आपण.

"आणि साध्या गाडीनं गेलो तर?" ते म्हणाले.

इथंच लोक चुकतात. एका बाजूला राजगाडीचा आकडा आणि दुसऱ्या बाजूला नुसतं रेल्वेचं तिकीट असं मांडतात आणि 'बापरे, वीसपट!' म्हणून ओरडतात. पण तिकिटात झोपायला गादी मिळत नाही की जेवायला ताट. म्हणून मी कागदावर तीन रकाने पाडले. पहिला राजगाडीचा. दुसऱ्यात स्लीपरचं चक्री तिकीट. चक्री म्हणजे जिथून निघालो तिथंच फिरून यायचं, वाटेत ठरावीक ठिकाणी उतरता येतं, आणि लांबचा पल्ला एकाच तिकिटात धरल्यामुळं तुकड्या-तुकड्यांनी काढण्यापेक्षा स्वस्त पडतं. त्यात साधी लॉज, खानावळ, रिक्षा. तिसऱ्या रकान्यात टू टायर एसी, बरं हॉटेल, दारात उभी राहणारी मोटार, प्रत्येक गावी गाइड, तिन्ही वेळचं बाहेरचं खाणं आणि सगळ्या प्रवेशफिया. मिरज-दिल्लीचं भाडं तिन्ही रकान्यांत घातलं. रात्रीच्या प्रवासात हॉटेलची रात्र वाचते, तीही वजा केली.

राजगाडीची तुलना करायची ती ह्या तिसऱ्या रकान्याशी. तरीही राजगाडी साधारण तिप्पट भरली. पण तिप्पट आणि वीसपट ह्यात फरक आहे. तिप्पट म्हटल्यावर माणूस विचार तरी करतो.

बेदाणेवाल्यांनी तिसरा रकाना घेतला. परत आल्यावर दोन किलो बेदाणे घेऊन ऑफिसात आले. बरोबर बायको. ती माउली म्हणाली, "बाई, बारा दिवस चूल बघितली न्हाई मी. घरी आले तर गॅस कसा पेटवायचा त्येच आठवंना." आम्ही सगळे हसलो. मी बेदाणे खात हसले. त्या वाक्यात काय आहे ते त्या वेळी माझ्या डोक्यात शिरलं नाही, एवढी मी हुशार.

त्याच थंडीत दादाचं पत्र आलं. माझा थोरला भाऊ बोटीवर इंजिनिअर. आठ-नऊ महिने समुद्रावर, मग दोन महिने घरी. एका इंग्रजी मासिकात त्यानं ह्याच राजगाडीची जाहिरात पाहिली होती. त्यानं मला लिहिलं, "एक लाख चाळीस हजार तुझ्या खात्यावर टाकलेत. दोघांना त्या गाडीनं पाठव. आबांनी नोकरीत अर्धा देश बघितला, आईनं मेढ्याचा बाजार बघितला. तिला एक आठवडा कुणीतरी ताट वाढू दे." आबा म्हणजे आमचे वडील. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. तीस वर्षांतली सहा त्यांनी जोधपूर आणि जैसलमेरच्या बाजूला काढली होती. त्या तीस वर्षांत आई गावी भात लावत होती, म्हशी राखत होती, सासू-सासऱ्यांचं करत होती आणि आम्हा दोघांना वाढवत होती. आबा वर्षाचे दोन महिने सुट्टीवर यायचे.

एक लाख चाळीस हजार! मी पुस्तक पिशवीत घातलं आणि शनिवारी गावी गेले.

रात्री जेवणं झाल्यावर सोप्यात बसलो. मी पुस्तक उघडलं, आबांनी चष्मा लावला. आई भांडी घासून, हात पुसत उंबऱ्यापाशी येऊन बसली. मी वाचून दाखवायला लागले. किल्ले, तळी, वाघांचं जंगल. आबा मधे मधे, "ह्ये मी बघितलंय," "हितं आमची पोस्ट हुती," असं सांगत होते. मग मी 'दरात समाविष्ट' ह्या पानावर आले.

"सकाळचा चहा खोलीत आणून देतात," मी वाचलं.

"कोन आणून देतं?" आईनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तिथला माणूस. दिमतीला असतो डब्यात."

"आनि भांडी?"

"भांडी तेच नेतात की. तुला काय करायचंय भांड्यांचं?"

"न्हाई, आपलं इचारलं." ती जरा पुढं सरकली. "जेवान बी त्येच करत्यात? दोन्ही येळचं?"

"होय गं. सगळं."

"परत वाच की ते."

मी परत वाचलं. मला वाटलं, तिला ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा वाच म्हणाली तेव्हा मी वैतागले. "आई, एकच ओळ किती वेळा वाचू? पुढं जैसलमेर आहे बघ, सोन्याच्या रंगाचा किल्ला." तिनं मान हलवली, "वाच, वाच," म्हणाली.

आबांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि दर पाहिला. चौदानं गुणायचं त्यांना सांगावं लागलं नाही, सुभेदार माणूस. गुणून झाल्यावर चष्मा काढला.

"नाकापरीस मोती जड झाला की गं ह्यो," ते म्हणाले.

"दादानं पाठवलेत पैसे. त्यासाठीच पाठवलेत."

"पाठवलं म्हणून उधळायचं व्हय? आगं, तीस वर्सं वारंटवर फिरलोय मी. पलटनीनं वारंटचा कागद दिला की ठेसनावर फुकट तिकीट मिळायचं. गाडीला पैसा देयाचा असतो ह्येच मला निवृत्त झाल्यावर कळलं. आनि आता आठवड्याला सव्वा लाख? त्येवढ्यात घरावर स्लॅब पडंल." त्यांनी वर बघितलं. कौलं दर पावसाळ्यात गळायची, हे खरंच होतं. "तू एवढी हिशेबाची. सांग बरं, साध्या गाडीनं किती पडंल?"

आणि इथं मी माती खाल्ली.

कुणी 'तू एवढी हिशेबाची' म्हटलं की मला चढायचं. मी तिथंच दादाच्या जुन्या वहीचं पान फाडलं आणि रकाने पाडले. किती? दोन. एका बाजूला राजगाडी, दुसऱ्या बाजूला साधी गाडी. बेदाणेवाल्यांना जो तिसरा रकाना मी आपणहून मांडून दिला होता, तो माझ्या घरात मला सुचला नाही. का सुचला नाही, ह्याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. गिऱ्हाईक म्हणजे आरामात जाणारं माणूस आणि आपण म्हणजे कसंही जाणारं, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण.

दुसऱ्या रकान्यात मी लिहीत गेले आणि आबा सांगत गेले. चक्री तिकीट स्लीपरचं, मिरज ते मिरज. जाताना भोपाळवरून दिल्ली, मग जयपूर, जोधपूर, येताना अहमदाबाद-मुंबईवरून. जैसलमेर टोकाचं स्टेशन, तिथून त्याच वाटेनं मागं यावं लागतं, म्हणून जोधपूर-जैसलमेरचं जाऊन-येऊन तिकीट वेगळं. ज्येष्ठांच्या सवलतीत दोघंही अजून बसत नव्हते. "तू बी चल," आबा म्हणाले, "रिझर्वेशनचं तुला कळतंय." म्हणून माझंही तिकीट धरलं. राहायला धर्मशाळा, त्यांच्या ओळखीच्या. किल्ल्यावर चालत. गाइड कशाला, आबा होते की!

मग जेवणाची ओळ आली.

"बाहेरचं मला सोसत न्हाई," आबा म्हणाले. "तिकडं तेल निराळं. वातीचा स्टो घिऊ. गाडीत राकेल न्याचं न्हाई, बंदी हाय, तिथं जाऊन भरू. पीठ, तांदूळ, डाळ, चटनी हितनं. दशम्या हायतच चार दिसाच्या."

मी जेवणाच्या ओळीसमोर शून्य घातलं.

ते शून्य अजून डोळ्यांसमोर आहे. छान गोल होतं. डावीकडं 'जेवण: दरात समाविष्ट', उजवीकडं 'जेवण: घरचं, ०'. मग धुण्याची ओळ. तिथंही शून्य. तिघांचे पंधरा दिवसांचे सगळे मिळून अकरा-बारा हजार झाले. डावीकडं दिल्लीपर्यंतचं भाडं धरून सव्वा लाखाच्या वर. मी कागद फिरवून आबांपुढं धरला.

"बघा. दहापटीनं जास्त."

"मंग?" आबा खूश झाले. "येडा झालाय त्यो. पान्यावर राहून पैशाची किंमत कळंना झालीया." मग त्यांना आठवलं की पैसे कुणासाठी आले होते, म्हणून त्यांनी आईकडं तोंड केलं. "काय गं, तुजं काय म्हननं?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. आबांकडं नाही, माझ्याकडं. मी हसले आणि म्हणाले, "अगं आई, दहापट! तेच किल्ले, तेच राजवाडे. शिवाय मी आहे बरोबर."

"आवं, तुमी मांडलंय म्हंजी बराबरच आसंल," ती म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं. स्लॅब बी पायजेच." आणि दही विरजायला आत गेली.

दादाला मी पत्र लिहिलं, सविस्तर, हिशेबासकट. त्याचं उत्तर आलं ते चार ओळींचं. "पैसे आईचे आहेत. ती हो म्हणाली असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण ती हो म्हणाली म्हणजे नक्की काय म्हणाली?" मला राग आला. म्हटलं, हा बोटीवर बसून मला शिकवतोय.

जानेवारीच्या शेवटी निघालो. रिझर्व्हेशनं मी चोख केली होती. चक्री तिकीट हातात आलं म्हणजे जागा मिळाली असं नसतं, प्रत्येक टप्प्याचं रिझर्व्हेशन वेगळं करून घ्यावं लागतं. ते सगळं महिनाभर आधी उरकलं होतं. एकही टप्पा वेटिंगवर नव्हता. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. सामान पाच डाग. त्यातला एक ट्रंकेसारखा जड, तो आईच्या स्वयंपाकाचा.

दिल्ली नुसती गाडी बदलायची म्हणून लागली. जयपूरला धर्मशाळेत पहाटे उठून आईनं नळावर रांग लावली. आबांना नऊला निघायचं होतं, पुढं ऊन होतं म्हणून. भाकरी थापता थापता आई म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. मी येवढं आवरून येते मागनं." आम्ही पुढं झालो. ती कुठली येते मागून! परक्या गावात, भाषा येत नाही, कुणाला काय विचारणार? दुपारी आम्ही राजवाडा बघून आलो तर ताटं मांडलेली आणि आबांचे दोन शर्ट दोरीवर.

"आली का न्हाईस?" आबा म्हणाले.

"खोलीचा कोयंडा ढिला हाय. सामान सोडून कशी येनार?"

जोधपूरला हेच. किल्ल्याचा चढ मोठा, तिचे गुडघे दुखत होते. रात्रभर गाडीत मधल्या बर्थवर चढून-उतरून ते जास्तच धरले होते. राजगाडीत पलंग असतात, हे तेव्हा मला आठवलं. आठवलं आणि मी ते झटकून टाकलं. जैसलमेरला मी भांडले. म्हटलं, "आज मी थांबते, आई, तू जा आबांबरोबर." तर आबांचं पोट नेमकं त्या दिवशी बिघडलेलं, आणि मऊ भात, ताक, जिऱ्याचं पाणी हे माझ्या हातचं त्यांना चालेना. "तुला न्हाई जमायचं," आई मलाच म्हणाली. "तू जा. येवढ्या लांब आलीस, बघून ये. सांग मला मंग."

मी एकटी गेले. हो, गेले. गाइड घेतला, माझ्या पैशानं. किल्ल्याच्या आत माणसं राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळतात, पोरं शाळेला निघतात. दगडावर केलेली जाळी बघून जीव हरखला. आणि खाली उतरताना गावातून एक मोठी गार बस येताना दिसली. तिच्या अंगावर त्याच राजगाडीचं नाव होतं. तिच्यातून पाहुणे उतरले, बहुतेक गोरे. त्यांच्यात एक आपल्याकडचं वाटावं असं म्हातारं जोडपं होतं. म्हातारीच्या हातात काही म्हणजे काही नव्हतं. पिशवी नाही, डबा नाही, पाण्याची बाटलीसुद्धा बरोबरच्या माणसानं धरलेली. दोन्ही हात रिकामे सोडून ती वर बघत उभी होती.

मी धर्मशाळेत गेले. आई अंगणात हौदावर बसून पातेली घासत होती. मी तिथंच बसकण मारली आणि पातेलं तिच्या हातून ओढलं.

"आई, माझं चुकलं गं. मी तो हिशेब चुकीचा मांडला."

"का? पैसं कमी पडत्यात व्हय?" ती घाबरलीच.

"नाही गं. पैसे उरतायत."

"मंग चुकलं कुटं?" तिनं पातेलं परत घेतलं. "सोड, तुजी साडी भिजंल."

काय सांगणार होते मी तिला? की तिसरा रकाना असतो, त्यात गार डब्यात झोपून जाता आलं असतं, हॉटेलात गरम ताट समोर आलं असतं, आणि ते सव्वा लाखात नाही, चाळीस-पन्नास हजारात झालं असतं? स्लॅबही पडला असता, अर्धा का होईना. मला ते ठाऊक होतं, मी त्याचाच पगार घेत होते. त्या रात्री मी आबांना सांगून पाहिलं, की निदान जोधपूरला परत गेल्यावर दोन दिवस हॉटेलात राहू. आबांनी पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता कशाला? दोन दिसांचाच तर प्रश्न हाय." आईही म्हणाली, पीठ उरलंय, ते कुठं टाकायचं. मी ऑफिसात गिऱ्हाइकांना ऐकवायची तसं आबांना ऐकवलं नाही. फटकळपणा माझा परक्यांपुरताच होता म्हणायचा.

परत आलो. उन्हाळ्यात स्लॅब पडला. चांगला पडला, अजून गळत नाही. आबांनी दादाला कळवलं, की तुझ्या पैशात घरही झालं आणि राजस्थानही झालं.

पण ते पुढचं. प्रवासातून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, दुपारच्याला, आळीतल्या सात-आठ बायका आमच्या सोप्यात जमल्या. आमच्या आळीतून त्या आधी एवढ्या लांब कुणी बाई गेली नव्हती. आईनं सगळ्यांच्या हातावर जोधपूरच्या मिठाईचा तुकडा ठेवला आणि मधे बसली. तिला असं मधे बसलेलं मी क्वचितच पाहिलं असेल. चेहरा उजळलेला.

"सांग की गं, कसं हाय राजस्तान?" एक जण म्हणाली.

"काय सांगू बायांनो," आईनं पदर सावरला. "जयपूरचं पानी बरं हाय. डाळ चांगली शिजती. जोदपूरचं जड, दोन येळा रॉकेल भराया लागतं. आनि जैसलमेरचं पानी मचूळ बघा. डाळ शिजतच न्हाई, कितीबी उकळा. मंग मी रातीच भिजत घालायची. नळाला सकाळी दोन तासच पानी, तवाच भरून ठेवायचं. पर तिथलं ऊन लय ग्वाड, धुनं घटकंत वाळतं."

बायका मन लावून ऐकत होत्या. डाळीचं सगळ्यांना कळत होतं. मी खांबाला टेकून उभी होते. आबा बाहेर कट्ट्यावर होते, त्यांनाही आतलं ऐकू जात असणार.

"आगं पर किल्लं? राजवाडं?" शेजारच्या वहिनी म्हणाल्या. "सोन्याचा किल्ला हाय म्हनत्यात. त्यो सांग की."

"त्ये हिनं बघितलंय," आई माझ्याकडं हात करून म्हणाली, कौतुकानंच. "हिला इचारा. सांग गं ह्यास्नी."

सगळ्यांनी माना माझ्याकडं वळवल्या. मी खाली बसले आणि सांगायला लागले. पिवळा दगड, दगडातली जाळी, उन्हं उतरताना बदलणारा रंग, आत राहणारी माणसं. नीट सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. आई त्या बायकांच्यातच सरकून बसली होती आणि हनुवटीला हात लावून ऐकत होती. तीही ते पहिल्यांदाच ऐकत होती.